इटालियन घराच्या जाहिरातीतले ६८ चौरस मीटर

प्रश्न: मी मिलानजवळ सेस्तो सान जोव्हान्नीला नोकरी करतो. खालची जाहिरात पसंत पडली आहे. पैशांचा काही भाग नाशिकहून आई-बाबा देणार आहेत, त्यामुळे त्यांना सगळं मराठीत लिहून पाठवायचंय. शब्दकोश बघून शब्दाला शब्द लावला तर ‘व्यापारी क्षेत्रफळ’ झालं, आणि बाबा विचारतात, दुकान घेतोयस का? बिलोकाले म्हणजे वन बीएचके, ६८ मीटर म्हणजे ७३० स्क्वेअर फूट, मेंटेनन्स महिना १९० युरो, एवढं लिहिलं तर चालेल ना?

```
Bilocale, 68 mq commerciali, piano 3 con ascensore
Ingresso, soggiorno con angolo cottura, camera
matrimoniale, bagno finestrato, ripostiglio, balcone.
Cantina di pertinenza. Riscaldamento centralizzato.
Spese condominiali € 190/mese, riscaldamento escluso.
Classe energetica F. Libero al rogito.
Box a parte € 28.000. Prezzo € 235.000
```

उत्तर:

असं लिहिलंत तर तिन्ही गोष्टी बाबांच्या मनात चुकीच्या बसतील, आणि तिन्ही घर आहे त्यापेक्षा मोठं नि स्वस्त दाखवणाऱ्या. इटालियन जाहिरातीत खोटं फारसं लिहिलेलं नसतं. प्रत्येक शब्दामागे मोजायची एक रीत असते आणि ती आपल्याकडच्या रीतीपेक्षा वेगळी असते, गोम एवढीच. म्हणून मराठीत शब्दापेक्षा मोजणी उतरवावी लागते.

बिलोकाले म्हणजे दोन ‘लोकाली’, अर्थात दोन खोल्या. खोली म्हणून फक्त बसायची आणि झोपायची जागा धरतात. स्वयंपाकघर, न्हाणीघर, आतला बोळ, सामानाची खोली हे मोजणीबाहेर. आपल्या बीएचकेत स्वयंपाकघराचं अक्षर वेगळं लिहिलेलं असतं, इथे ते अध्याहृत आहे, आणि स्वयंपाकघर कसलं आहे हे पुढच्या ओळीतून काढावं लागतं. ‘कुचिना आबिताबिले’ असेल तर चार माणसं टेबलाशी बसतील एवढं स्वतंत्र स्वयंपाकघर, म्हणजे खरा वन बीएचके. ‘कुचिनोत्तो’ असेल तर चिंचोळी पण वेगळी खोली. तुमच्या जाहिरातीत ‘अंगोलो कोत्तूरा’ आहे, म्हणजे दिवाणखान्याच्याच एका भिंतीला लावलेला ओटा. बाबांना कळेल असं सांगायचं तर हा वन आरके अधिक एक बेडरूम.

हा फरक फोडणी देणाऱ्या घराला कागदावरच्यापेक्षा जास्त जाणवतो. ओट्यावरचा पंखा दोन प्रकारचा असतो. ‘आस्पिरान्ते’ धूर नळीतून बाहेर टाकतो, ‘फिल्त्रान्ते’ तो जाळीतून गाळून परत खोलीतच सोडतो. दुसऱ्या प्रकारात मोहरी-हिंगाचा वास सोफ्यात मुरतो. घर बघायला जाल तेव्हा पंख्याच्या वरून जाड नळी भिंतीत किंवा छतात शिरते का ते बघा. नळी नसेल तर नंतर बसवायला इमारतीत मोकळी धूरनळी, म्हणजे ‘कान्ना फुमारिया’ लागते, आणि ती आहे की नाही हे आधीच विचारावं लागतं.

काही एजंट मोठं स्वयंपाकघर खोली म्हणून धरतात आणि बिलोकालेचा त्रिलोकाले करतात. म्हणून शीर्षकापेक्षा आतल्या वर्णनातल्या खोल्या बोटांवर मोजाव्यात. पुढे सरकारी उताऱ्यात तुम्हाला याच घरापुढे ‘३,५ vani’ असा आकडा दिसला तर गोंधळू नका. तिथे न्हाणीघर, बोळ, सामानाची खोली यांना एकेक तृतीयांश आणि तळघरातल्या खोलीला पाव खोली धरून बेरीज करतात. (मध्ये स्वल्पविराम आहे तो दशांशचिन्हाचा. साडेतीन वाचा.)

आता मुख्य प्रश्न, ६८ मीटरचा. ‘सुपरफिचिए कोमेर्चाले’ यातल्या कोमेर्चालेचा दुकानाशी संबंध नाही. विक्रीचा भाव ठरवण्यासाठी धरलेलं क्षेत्रफळ, असा त्याचा अर्थ. मराठीत ‘हिशोबी क्षेत्रफळ’ म्हणा. ते आपल्या सुपर बिल्टअपसारखं वाटतं, पण जिना, लिफ्ट, लॉबी यांचा वाटा त्यात सहसा नसतो. त्यात तीन थर असतात. पहिला, प्रत्यक्ष पाय ठेवता येईल अशी फरशी. तिला ‘काल्पेस्ताबिले’ म्हणतात आणि शब्दाचा अर्थही तोच, तुडवता येण्याजोगी. दुसरा थर भिंतींचा आणि तिसरा गॅलरी, तळघर अशा जोडजागांचा, ज्या पूर्ण न धरता काही टक्के धरतात.

किती टक्के, यावर सगळा खेळ आहे. सरकारी नोंदीसाठी नियम ठरलेला आहे, १९९८ चा राष्ट्रपतींचा आदेश क्रमांक १३८. त्यानुसार घराच्या आतल्या भिंती पूर्ण धरतात, बाहेरच्या ५० सेंटिमीटर जाडीपर्यंत, आणि शेजाऱ्याशी सामाईक भिंत निम्मी, म्हणजे जास्तीत जास्त २५ सेंटिमीटर. मुख्य खोल्यांना लागून असलेली गॅलरी २५ चौरस मीटरपर्यंत ३० टक्के आणि त्यापुढची १० टक्के. घराला आतून न जोडलेलं तळघर २५ टक्के. एजंटावर मात्र जाहिरातीत हेच टक्के वापरायचं बंधन नाही. तो गॅलरी निम्मी धरू शकतो, तळघर निम्मं धरू शकतो, शेजाऱ्याची भिंत अख्खी आपली म्हणू शकतो.

तुमच्या घराचा नकाशा हाती आल्यावर हिशोब कसा करायचा ते आकडे धरून दाखवतो. समजा दिवाणखाना ओट्यासकट २२ मीटर, बेडरूम १४.५, न्हाणीघर ५, बोळ ६ आणि सामानाची खोली २ निघाली. फरशीची बेरीज ४९.५. वरच्या नियमाने भिंतींचे ७.५ मिळवले की ५७. गॅलरी १० मीटरची असेल तर तिचे ३, तळघरातली खोली ८ मीटरची तर तिचे २. एकूण ६२. मग जाहिरातीत ६८ कुठून आले? गॅलरी निम्मी धरली की ३ ऐवजी ५, तळघर निम्मं धरलं की २ ऐवजी ४, आणि सामाईक भिंतींचे २ वाढवले. ६ मीटर असे उगवतात, एक विटही न हलवता.

भावावर याचा परिणाम बघा. २,३५,००० भागिले ६८ म्हणजे मीटरमागे सुमारे ३,४५६ युरो. ६२ ने भागले तर ३,७९०, आणि पायाखालच्या ४९.५ ने भागले तर ४,७४७. दोन जाहिरातींची तुलना करायची तर दोन्हीकडे एकच मोजणी हवी आणि सरकारी आकडा त्यासाठी सगळ्यात सोयीचा, कारण तो एजंटाच्या हातात नसतो. ‘विझूरा कातास्ताले’ नावाचा उतारा मागा. साधारण आपल्या प्रॉपर्टी कार्डाच्या जागी येणारा कागद, फक्त तो करासाठी असतो, मालकीचा अंतिम पुरावा नव्हे. नोव्हेंबर २०१५ पासून त्यावर क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये छापून येतं. वरचे धरलेले आकडे खरे निघाले तर तुमच्या घराचा उतारा असा असेल:

```
Totale: 62 m²
Totale escluse aree scoperte: 59 m²
```

दुसऱ्या ओळीत उघड्या जागा वगळलेल्या आहेत, म्हणजे गॅलरीचे ३ गेले. तळघराचे २ अजून आतच आहेत.

बाबांना लिहायचा आकडा मात्र ६२ सुद्धा नाही. त्यांच्या डोक्यात कार्पेट एरिया आहे, तेव्हा ४९.५ चौरस मीटर लिहा, म्हणजे सुमारे ५३३ स्क्वेअर फूट. ७३० आणि ५३३ मध्ये एक खोली बसते! रेराच्या व्याख्येत आतल्या भिंतींची जाडी कार्पेटमध्ये धरतात, काल्पेस्ताबिलेत धरत नाहीत. त्यामुळे रेराच्या मापाने हे घर थोडं मोठं निघेल, पण तो फरक थोडक्या मीटरांचा. गॅलरी दोन्हींत नाही.

६ मीटर कमी निघाले म्हणून नंतर भांडता येईल का? बहुधा नाही. इटलीत घर ‘आ कोर्पो’ विकतात, म्हणजे आहे तसं, एका ठोक किमतीला. नागरी संहितेच्या १५३८ व्या कलमाप्रमाणे अशा विक्रीत करारात लिहिलेल्या मापापेक्षा एक-विसांशाहून जास्त फरक निघाला तरच किंमत बदलते. शब्द नीट वाचा, करारात लिहिलेलं माप. करारात सहसा मीटर लिहिलेलेच नसतात, नोंदणीचे क्रमांक असतात. जाहिरातीतला ६८ तिथपर्यंत पोचतच नाही. भाव पाडायचा असेल तर तो खरेदीच्या लेखी प्रस्तावावर सही करण्याआधी, ६२ चा उतारा पुढे ठेवून.

उताऱ्याबरोबर ‘प्लानिमेत्रिया’, म्हणजे सरकारदरबारी दाखल नकाशा मागायचा आणि तो हातात धरून घरात फिरायचं. अंगोलो कोत्तूरा असलेल्या जुन्या घरांत हमखास सापडणारी भानगड अशी की नकाशात छोटं वेगळं स्वयंपाकघर असतं आणि प्रत्यक्षात मधली भिंत पाडलेली असते. छतावर किंवा फरशीत सरळ रेषेत वेगळा पट्टा दिसला तर तिथे भिंत होती असं समजा. भिंत पाडणं गुन्हा नव्हे, पण नगरपालिकेला कळवलेलं हवं आणि नकाशा बदललेला हवा. २०१० पासून खरेदीखतात विक्रेत्याला लिहून द्यावं लागतं की नोंद आणि नकाशा प्रत्यक्षाशी जुळतात, नाहीतर खत रद्दबातल ठरतं. भिंत भार पेलणारी नसेल तर उशिरा कळवण्याचा दंड १,००० युरो, शिवाय तंत्रज्ञाची फी. हा खर्च विक्रेत्याने करायचा, आणि प्राथमिक कराराआधी करायचा, हे प्रस्तावातच लिहून घ्या. भार पेलणारी भिंत पाडलेली निघाली तर प्रकरण पार वेगळं, तिथे हात आखडता घेतलेला बरा.

आता १९० युरो. ‘स्पेझे कोंदोमिनियाली’ला मेंटेनन्स म्हणायला हरकत नाही, पण आपल्या सहकारी सोसायटीचं चित्र पुसून टाका. कोंदोमिनिओत सोसायटी मालक नसते, शेअर सर्टिफिकेट नसतं, विक्रीला तिचं ना-हरकत पत्र लागत नाही. फ्लॅट तुमचा आणि जिना, छप्पर, पाया यांत तुमचा हजारातला काही वाटा. या वाट्याला ‘मिल्लेझिमी’ म्हणतात. आपल्याकडे सेवाशुल्क बहुधा सगळ्या फ्लॅटना सारखं असतं, इथे खर्च वाट्याप्रमाणे फुटतो. तोही सगळा एकाच तक्त्याने नाही: लिफ्टचा निम्मा खर्च फ्लॅटच्या मूल्याप्रमाणे आणि निम्मा मजल्याच्या उंचीप्रमाणे, त्यामुळे तिसऱ्या मजल्यावरचा माणूस पहिल्यावरच्यापेक्षा जास्त देतो. (मजले मात्र आपल्यासारखेच. तळमजला वेगळा, तिसरा म्हणजे तिसराच.)

१९० मध्ये काय आहे यापेक्षा काय नाही ते महत्त्वाचं, आणि ते जाहिरातीत सरळ लिहिलंय: गरम करण्याचा खर्च वेगळा. ‘चेन्त्रालिझ्झातो’ म्हणजे सगळ्या इमारतीचा एकच बॉयलर. मिलानच्या हवामान विभागात तो साधारणपणे १५ ऑक्टोबर ते १५ एप्रिल चालतो, तुम्हाला १० ऑक्टोबरला थंडी वाजली तरी तुमच्या मर्जीने सुरू होत नाही. प्रत्येक रेडिएटरवर मोजणीचं छोटं यंत्र असतं, पण बिल पूर्णपणे त्यावर नसतं. एक भाग वापराप्रमाणे आणि एक ठरलेला भाग सगळ्यांना, घर बंद ठेवलं तरी. पुण्यात बंद फ्लॅटचा मेंटेनन्स भरावा लागतो तसंच, फक्त इथे त्यात न वापरलेली ऊबही येते. ऊर्जेची श्रेणी एफ आहे, शेवटून दुसरी, तेव्हा हा खर्च किरकोळ नसणार.

म्हणून महिन्याचा आकडा सोडून द्या आणि वर्षाचा मागा. दोन कागद असतात: ‘प्रेव्हेन्तिवो’ म्हणजे चालू वर्षाचा अंदाज आणि ‘कोन्सुन्तिवो’ म्हणजे मागच्या वर्षाचा प्रत्यक्ष हिशोब. जाहिरातीतला आकडा बहुतेक वेळा अंदाजातला असतो, आणि वर्षअखेर फरकाची रक्कम भरावी लागते. समजा हिशोबात या फ्लॅटच्या नावावर गरम करण्याचे वर्षाला १,१०० युरो निघाले. मग १९० गुणिले १२ म्हणजे २,२८० आणि हे १,१००, एकूण ३,३८०. महिन्याला सुमारे २८२. मासिक हप्त्यात हा आकडा धरा, १९० नव्हे.

खरा फटका याहीपुढे असतो, जाहिरातीत न येणाऱ्या ‘स्ट्राओर्दिनारिए’त, म्हणजे जादा कामांच्या वर्गणीत. समजा दर्शनी भिंतीच्या दुरुस्तीचे १,८०,००० युरो सभेत मंजूर झालेत आणि या फ्लॅटचा वाटा हजारात १८ आहे. तुमच्या डोक्यावर ३,२४० युरो. न्यायालयांची भूमिका अशी की करारात वेगळं ठरलं नसेल तर असं काम ज्या दिवशी सभेने मंजूर केलं त्या दिवशीचा मालक देणेकरी. पण ‘करारात वेगळं ठरलं नसेल तर’ हे शब्द विसरू नका, कारण छापील प्रस्तावात एखादं वाक्य उलटं असू शकतं. शेवटच्या तीन सभांची इतिवृत्तं मागा. इतिवृत्तात लिफ्ट, छप्पर, बॉयलर हे शब्द ‘पुढच्या सभेत’ या शब्दांजवळ दिसले तर ते काम तुमच्या काळात मंजूर होणार आहे, म्हणजे पैसे तुमचेच.

थकबाकीचंही बघा. विकणाऱ्याने वर्गणी थकवली असेल तर चालू आणि त्याआधीच्या अशा दोन हिशोबी वर्षांपुरते तुम्हीही त्याच्याबरोबर जबाबदार असता. वरच्या आकड्याने हे ६,७६० युरोपर्यंत जातं. हिशोबी वर्ष जानेवारीलाच सुरू होतं असं नाही, ते त्या इमारतीच्या कागदावर बघायचं. इमारतीचा प्रशासक अनोळखी खरेदीदाराला काही सांगायला बांधील नाही, पण मालकाने मागितलं तर भरणा आणि चालू खटले यांचा दाखला त्याला द्यावाच लागतो. तेव्हा मागणी विक्रेत्यामार्फत करा.

उरलेले शब्द पटकन. ‘कान्तिना’ म्हणजे तळघरातली कुलूपबंद सामानाची खोली, दारूचं कोठार नव्हे. ‘बॉक्स आ पार्ते’ म्हणजे बंद गॅरेज किमतीत नाही, हवं तर २८,००० वेगळे. ‘कामेरा मात्रिमोनियाले’चा लग्नाशी संबंध डबलबेड मावण्यापुरता. दोन माणसांच्या झोपायच्या खोलीला नियमाने १४ चौरस मीटर लागतात, तेव्हा तेवढं मोजून घ्या. ‘फिनेस्त्रातो’ म्हणजे न्हाणीघराला खिडकी आहे, हे चांगलं. ‘लीबेरो आल रोजितो’ याचा अर्थ घर आज रिकामं आहे असा नाही, नोटरीपुढे खत होईल त्या दिवशी रिकामं मिळेल असा. आज कोण राहतं, भाडेकरू असेल तर त्याचा करार कधी संपतो, हे विचारा.

किमतीबाहेरचा मोठा खर्च दलालीचा. इटलीत खरेदीदारही ती देतो. ३ टक्के अधिक २२ टक्के कर ठरला तर २,३५,००० वर ८,६०१ युरो होतात. खासगी विक्रेत्याकडून पहिलं घर घेताना नोंदणी कर २ टक्के, तोही सरकारी नोंदीतल्या मूल्यावर, किमान १,००० युरो. अट अशी की त्या नगरपालिकेत १८ महिन्यांच्या आत राहण्याची नोंद हवी. घर सेस्तोत असेल आणि तुम्हीही तिथेच राहत असाल तर अडचण नाही. बाबा पैसे देतात म्हणून त्यांचं नाव खतात घालायचं मनात असेल तर आधी नोटरीला विचारा. त्यांच्या वाट्याला ही सवलत लागू होणार नाही, तिथे ९ टक्के लागतील. शिवाय तुमच्याकडे नोकरीचा वैध परवाना असल्याने तुम्हाला न लागणारी परस्पर हक्काची तपासणी, म्हणजे इटालियन माणसाला भारतात असंच घर घेता येतं का हे बघणं, भारतात राहणाऱ्या बाबांना लागेल.

घर बघायला जाण्याआधी एजंटाला एवढं पाठवा:

```
Buongiorno, sono interessato al bilocale.
Prima della visita vorrei ricevere:
- visura e planimetria catastale
- superficie calpestabile interna
- ultimo consuntivo e preventivo in corso
- verbali delle ultime tre assemblee
- eventuali spese straordinarie deliberate
Grazie
```

एजंटाने पहिले दोन कागद लगेच पाठवले आणि बाकीचे ‘प्रस्तावानंतर’ म्हणाला तर घर जरूर बघा, पण सही करू नका. विक्रेत्याने सही केली आणि ते तुम्हाला कळवलं की तो प्रस्ताव दोघांनाही बांधतो.

कागद आल्यावर नाशिकला पाठवायचा मजकूर साधारण असा होईल, आकडे तेवढे खरे घाला:

‘तिसरा मजला, लिफ्ट आहे. एक बेडरूम, एक हॉल, ओटा हॉलमध्येच, स्वयंपाकघर वेगळं नाही. कार्पेट सुमारे ५३३ स्क्वेअर फूट, शिवाय गॅलरी आणि तळघरात सामानाची खोली. जाहिरातीतले ६८ मीटर भिंती, गॅलरी, तळघर धरून आहेत. सरकारी कागदावर ६२ आहेत. किंमत २,३५,००० युरो, गॅरेज त्यात नाही. दलाली ८,६०१, कर आणि नोटरी वेगळे. मेंटेनन्स हीटिंग धरून वर्षाला ३,३८०. दर्शनी भिंतीच्या कामाचे ३,२४० मंजूर आहेत, ते विकणाऱ्याने भरायचे असं लिहून घेतोय. घर खताच्या दिवशी रिकामं मिळेल.’